तिरक्या रेघेचा हिशेब

रस्त्यावरून किती वाहनं जातात हे मोजायला आता कॅमेरे आले, डांबरावर आडव्या टाकायच्या रबरी नळ्या आल्या, टोलनाक्यावरची यंत्रं आली. तरीही राज्यमार्ग आणि जिल्हामार्गांवरची बरीचशी वाहनगणना अजून कागद-पेनानेच होते. रस्त्याकडेला सावली बघून खुर्ची टाकायची, मांडीवर पॅड ठेवायचं आणि वाहन समोरून गेलं की त्याच्या ओळीत एक उभी रेघ ओढायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून तिरकी. शाळेच्या पुस्तकातल्या याच त्या ताळ्याच्या खुणा.

ही कुणा गणकाची खासगी युक्ती नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते-अभियंत्यांची संस्था गणनेचे नियम ठरवते. शहराबाहेरच्या रस्त्यांवरच्या गणनेसाठी तिचं १९७२ चं ‘आयआरसी ९’ हे मार्गदर्शक आहे आणि चार उभ्या, पाचवी तिरकी ही पद्धत त्यातच दिलेली आहे. गणना सलग सात दिवस, चोवीस तास, आठ-आठ तासांच्या पाळ्यांत चालते. ती वर्षातून दोनदा व्हावी, एकदा सुगी आणि बाजाराच्या हंगामात आणि एकदा मंदीच्या दिवसांत, अशी अपेक्षा आहे. कोल्हापूर-सांगलीकडे यामागचं कारण कुणी सांगावं लागत नाही. ऊसतोड सुरू असताना दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्ता कसा व्यापतात हे तिथे सगळ्यांना दिसतं आणि पावसाळ्यात तोच रस्ता किती मोकळा असतो हेही.

नमुन्याच्या कागदाची मांडणी ठिकाणागणिक बदलते. इथे एक सोपा नमुना धरू. एका तासाला, एका दिशेला, आडवा धरलेला एक ए-फोर कागद. त्यावर नऊ ओळी: दुचाकी, रिक्षा, मोटार-जीप, बस, टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, सायकल, बैलगाडी. डावीकडे वाहनाचं नाव, मध्ये रेघांसाठी लांब मोकळी पट्टी, उजवीकडे बेरजेचा रकाना. सात दिवस, चोवीस तास आणि दोन दिशा म्हणजे ३३६ कागद आणि रेघा मोजायच्या ३,०२४ ओळी. पूर्वी हे कागद गठ्ठा बांधून कार्यालयात जात आणि तिथे कुणीतरी बोटाने जुड्या मोजत बसे. आता पाळी संपताना प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो निघतो आणि बेरीज संगणकाकडून काढून घेतली जाते. हे काम दिसतं पोरसवदा. रेघा तर मोजायच्या! पण यात खरा घोळ घालते ती पाचवी, तिरकी रेघ आणि ती तशी का आहे हे कळलं तर घोळही उलगडतो.

माणसाच्या नजरेला चारपर्यंतच्या वस्तू न मोजता कळतात. तिथून पुढे मोजावं लागतं किंवा अंदाज करावा लागतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात याचा एक साधा प्रयोग छापला होता. तो एका पांढऱ्या डबीत मूठभर काळे दाणे उडवायचा आणि आत किती पडले ते एका नजरेत सांगायचा. हजाराहून अधिक वेळा त्याने हे केलं. तीन-चार दाण्यांवर त्याची चूक एकदाही झाली नाही, पाचावर मात्र व्हायला लागली. ताळ्याच्या खुणांची रचना नेमकी या मर्यादेवर बसवलेली आहे. चार उभ्या रेघा डोळा झेलतो आणि पाचवी उभी काढली तर तो गडबडेल, म्हणून ती आडवी फिरवून जुडी बंद करायची. मोजणाऱ्याला मग फक्त जुड्या मोजायच्या असतात:

एकूण = ५ × जुड्या + सुट्या रेघा

संगणकाला हा दिलासा लागू पडत नाही. त्याला चार आणि चाळीस सारखेच. उलट जी तिरकी रेघ माणसासाठी जुडी बांधते, तीच त्याच्यासाठी पाच वेगळ्या रेघांचा एक चिकटलेला गोळा करून ठेवते.

त्या गोळ्यापर्यंत पोहोचण्याआधी फोटो ठीक असावा लागतो. यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते फोटो पाठवताना. साध्या मोबाइलचा फोटो ४,००० पिक्सेल लांबीचा असतो. २९७ मिलिमीटर लांबीचा कागद त्यात पूर्ण भरला तर एका मिलिमीटरला तेरा पिक्सेल मिळतात आणि बॉलपेनची अर्ध्या मिलिमीटरची रेघ सहा-सात पिक्सेल जाड दिसते. हे उत्तम. तोच फोटो मेसेजमधून साधा फोटो म्हणून पुढे गेला आणि वाटेत १,६०० पिक्सेलवर आला, तर रेघ जेमतेम अडीच पिक्सेलची उरते. गर्दीच्या वेळी घाईने ओढलेल्या दोन रेघांतली अर्ध्या मिलिमीटरची फटही तेवढीच उरते आणि दाबलेल्या चित्रातल्या धूसरपणात ती बुजून जाते. दोनाची एक रेघ झाली की पुढे कुठलीही हुशारी ती परत दोन करू शकत नाही. फोटो फाइल म्हणून, आहे तसा पाठवावा, एवढी एक सवय लावली तर निम्मी भांडणं मिटतात.

दुसरी गोष्ट सावलीची. फोटो काढणाऱ्याचा हात आणि मोबाइल यांची सावली हमखास कागदाच्या एका कोपऱ्यात पडते. एक ठरावीक उंबरठा धरून ‘याहून काळं ते शाई, याहून उजळ तो कागद’ असं केलं, तर सावलीतला कागदच शाई ठरतो. म्हणून उंबरठा जागोजाग वेगळा ठरवतात. प्रत्येक ठिपका त्याच्या आसपासच्या तुकड्याच्या सरासरीशी ताडून बघायचा. सावलीत कागद करडा झाला तरी शाई त्याहून काळीच असते, त्यामुळे ती निसटत नाही. निळ्या पेनाने लिहिलं असेल तर आणखी सोपं. छापील चौकट काळी आणि रेघा निळ्या असल्या की रंगावरूनच चौकट वेगळी काढता येते. काळं पेन किंवा शिसपेन असेल तर चौकट लांबीवरून ओळखावी लागते. पानभर जाणारी ओळ ती छापील, सेंटिमीटरभर उंचीची ती हाताची.

मग कागद सरळ करायचा. खुर्चीत बसून काढलेल्या फोटोत कागदाची लांबची कड आखूड आणि जवळची रुंद दिसते, म्हणजे आयताचा समलंब चौकोन झालेला असतो. चौकटीचे चार कोपरे सापडले की गणिताने तो पुन्हा आयत करता येतो. त्यासाठी चारही कोपरे फोटोत आलेले मात्र हवेत. एक कोपरा जरी पॅडच्या चिमट्याखाली दडला तरी सगळ्या ओळी किंचित तिरप्या कापल्या जातात आणि बसच्या रेघांची टोकं टेम्पोच्या ओळीत शिरतात. सरळ झालेल्या कागदाच्या नऊ पट्ट्या कापायच्या. इथून पुढे प्रत्येक पट्टी स्वतंत्र.

आता पट्टीतल्या रेघा मोजायच्या. नवशिक्या प्रोग्रॅमर पहिल्यांदा जे करतो ते असं: एकमेकांना चिकटलेल्या काळ्या ठिपक्यांचा एक तुकडा धरायचा आणि पट्टीत असे तुकडे किती ते मोजायचं. सुट्या रेघांसाठी हे बिनचूक आहे. पण जुडीतल्या चार उभ्या रेघांना तिरकी रेघ स्पर्श करून जाते, त्यामुळे पाचही मिळून एकच तुकडा होतो. दुचाकीच्या ओळीत ३८ जुड्या आणि दोन सुट्या रेघा असतील, तर खरी बेरीज १९२. या पद्धतीने उत्तर येतं ४०. चूक इतकी ढोबळ असते की लगेच पकडली जाते आणि म्हणून ती फारशी धोकादायक नाही. ट्रॅक्टरच्या ओळीत मात्र १४ ऐवजी ६ येतं आणि सहा ट्रॅक्टर कुणालाही खरे वाटू शकतात.

दुसरी पद्धत जास्त चतुर आहे. पट्टीच्या मधोमध एक आडवी रेषा मनातल्या मनात ओढायची आणि तिच्यावर डावीकडून उजवीकडे जाताना किती वेळा शाई लागते ते मोजायचं. सुट्या रेघेला एकदा लागते. जुडीत चार उभ्या रेघांना चारदा आणि तिरकीला एकदा, म्हणजे पाचदा. पण आपण ओढलेली रेषा नेमकी अशा जागी असली, की जिथे तिरकी रेघ उभ्या रेघेला छेदते, तर दोन्ही एकत्र लागतात आणि मोजणी चार येते. म्हणून एकच रेषा न घेता पट्टीच्या मधल्या भागात अनेक रेषा घ्यायच्या. प्रत्येक जुडीला कधी चार, कधी पाच असं उत्तर मिळत राहतं. एखाद्या जुडीला अनेक रेषांवर पाच मिळाले आणि सहा कुठेच मिळाले नाहीत, तर ती पाचाची.

हे चालतं ते रेघ खरोखर तिरकी असेपर्यंत. प्रत्यक्षात अनेक जण ती जवळजवळ आडवी ओढतात. घाईत हात डावीकडून उजवीकडे सपकन जातो. अशा जुडीत बहुतेक उंचीवर फक्त चार उभ्या रेघा लागतात आणि आडव्या रेघेच्या उंचीवर सगळं मिळून एकच लांबलचक काळा पट्टा. पाच हे उत्तर कुठेच येत नाही. ३८ जुड्यांत प्रत्येकी एक कमी म्हणजे १९२ ऐवजी १५४. हा आकडा मात्र कुणालाच खटकत नाही. सकाळी आठ ते नऊ दीडशे दुचाकी, छान!

यावरचा उपाय म्हणजे उभ्या आणि तिरक्या रेघा वेगवेगळ्या काढणं. तुकड्यातून फक्त उभ्या दिशेने लांब असलेली शाई ठेवायची, बाकी पुसायची, आणि उरलेल्या उभ्या रेघा मोजायच्या. मग मूळ तुकड्यात अशी सरळ रेघ शोधायची, जिचा कल उभ्यापासून बराच ढळलेला आहे आणि जी किमान तीन उभ्या रेघांवरून जाते. सरळ रेघ तुटक असली तरी शोधून काढण्याची एक जुनी रीत आहे, ‘हफ रूपांतर’ नावाची. पॉल हफ यांनी १९६२ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते बबल चेंबरच्या फोटोंतल्या कणांच्या वाटा यंत्राने वाचता याव्यात म्हणून. अणुकणांच्या मागावर निघालेलं गणित शेवटी रस्त्याकडेच्या पॅडवर येऊन बसलं, याची मला गंमत वाटते.

एवढं केल्यावर प्रत्येक तुकड्याविषयी दोन गोष्टी हाताशी असतात: उभ्या रेघा किती आणि तिरकी आहे का. चार आणि एक असेल तर पाच. एक आणि शून्य असेल तर सुटी रेघ. नव्वद-पंच्याण्णव टक्के तुकडे असे सरळ निघाले, तरी राहिलेल्यांत सगळी मेख असते.

एक उदाहरण तपशिलात बघू. ट्रॅक्टर-ट्रॉलीची ओळ. पहिला तुकडा स्वच्छ, चार उभ्या आणि एक तिरकी. दुसऱ्या तुकड्यात तीनच उभ्या आणि एक तिरकी. त्याला अगदी लागून, पण न चिकटलेली, एक उभी रेघ. मग थोडी मोकळी जागा आणि त्यापुढे चार सुट्या रेघा. संगणकाला ‘तिरकी दिसली की पाच’ असं शिकवलं असेल, तर तो हिशेब करतो ५ + ५ + १ + ४, म्हणजे १५. माणसाच्या लक्षात येतं की गणकाची तिरकी रेघ आखूड पडली, चौथ्या उभ्या रेघेपर्यंत पोहोचलीच नाही. ती सुटी दिसणारी रेघ दुसऱ्या जुडीचीच चौथी आहे. खरा हिशेब ५ + ५ + ४, म्हणजे १४.

हे संगणकाला समजावता येतं का? येतं, कारण ताळ्याच्या खुणांना एक अंगभूत नियम आहे. एका ओळीत सुट्या रेघा चारपेक्षा जास्त असूच शकत नाहीत. पाचवी झाली की ती तिरकी व्हायला हवी होती. वरच्या चुकीच्या वाचनात सुट्या रेघा १ + ४, म्हणजे पाच झाल्या. ही अशक्य स्थिती आहे आणि तिथेच घंटा वाजायला हवी. शिवाय सुट्या रेघा नेहमी ओळीच्या शेवटी असतात. दोन जुड्यांच्या मध्ये एकटी रेघ उभी दिसली तर ती बहुधा शेजारच्या जुडीतून निसटलेली असते. हे दोन नियम कुठल्याही चित्र-प्रक्रियेपेक्षा जास्त चुका पकडतात आणि त्यांना फोटोच्या दर्जाशी काही देणंघेणं नाही.

तीन उभ्या आणि एक तिरकी, पण आसपास काहीच नाही, अशी जुडी आली तर? तिला चार म्हणायचं की पाच? इथे मतं वेगळी असू शकतात. मी कागदावर जेवढ्या रेघा आहेत तेवढीच वाहनं धरावीत या मताचा आहे, पण आधी त्या जुडीतल्या फटी बघाव्यात. फटी सारख्या असतील तर गणकाने घाईत तीनवरच जुडी बंद केली, तेव्हा चार. एक फट दुप्पट रुंद असेल तर तिथे पेन चाललं नाही. बॉलपेन तेलकट बोटाच्या डागावर असं हमखास करतं. कागद तिरपा धरून बघितला तर शाईविना उमटलेली खोबण दिसते. फोटोत ती दिसत नाही, म्हणून मूळ कागद फेकून द्यायचे नसतात.

याहून अवघड प्रकार पाच उभ्या आणि एक तिरकी असा. काही जणांना शाळेपासूनच पाच उभ्या रेघा काढून वर एक फुली ओढायची सवय असते. त्यांच्या लेखी तिरकी रेघ म्हणजे वाहन नव्हे, नुसती गाठ. अशा जुडीला सहा म्हटलं तर प्रत्येक जुडीत एक वाहन जास्त, पाच म्हटलं आणि गणकाने सहावं वाहन खरोखरच मोजलं असेल तर एक कमी. एकट्या जुडीकडे बघून हे सांगता येत नाही, पण पाळीभराचे कागद बघून येतं. आठही तासांत प्रत्येक जुडी पाच-अधिक-एक अशीच असेल तर ती सवय आणि जुडी पाचाची. शंभरांत दोन-तीन जुड्याच तशा असतील तर तो हात घसरल्याचा प्रकार आणि तिथे सहा. म्हणून पाळी बदलली की वाचनाचे नियमही नव्याने तपासायचे. दुपारी दोनला खुर्चीत दुसरा माणूस येतो, त्याचा हात वेगळा असतो.

आता त्या तासाचा अख्खा कागद घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत. दुचाकीच्या पट्टीत वरच्या रांगेत २२ जुड्या, खालच्या रांगेत १६ जुड्या आणि २ सुट्या: १९२. रिक्षा ४ जुड्या आणि ३: २३. मोटार-जीप ९ जुड्या आणि १: ४६. बस १ जुडी आणि १: ६. टेम्पो ३ जुड्या आणि ४: १९. ट्रक २ जुड्या आणि २: १२. ट्रॅक्टर-ट्रॉली, वर भांडून ठरवलेले १४. सायकल १ जुडी आणि ३: ८. बैलगाड्या ३ सुट्या रेघा. सगळी मिळून ३२३ वाहनं.

उजवीकडच्या रकान्यात गणकाने स्वतः केलेली बेरीज असते. ती ताडून बघायची, पण ती खरी आणि संगणकाची खोटी असं आधीच धरायचं नाही. फरक किती आहे त्यावरून चूक कुठली हे बऱ्याचदा कळतं. दुचाकीसमोर हाताने १८७ लिहिलं असेल तर फरक पाचाचा. बोटाने मोजताना एक जुडी राहून गेली, बहुधा एका रांगेतून दुसरीत उतरताना. फरक एक-दोनाचा असेल तर घोटाळा शेवटच्या सुट्या रेघांत. संगणकाचा आकडा ३८ ने कमी आणि जुड्याही ३८ असतील, तर त्याला तिरकी रेघ दिसलीच नाही. १५२ ने कमी असेल, म्हणजे जुड्यांच्या चौपट, तर त्याने प्रत्येक जुडी एक रेघ धरली. म्हणून मी नुसती बेरीज साठवू नये असं म्हणतो. जुड्या आणि सुट्या रेघा यांचे दोन वेगळे रकाने ठेवावेत. १९२ या आकड्याला विचारण्यासारखं काही नसतं. ३८ आणि २ यांना असतं.

या बेरजा पुढे कुठे जातात ते कळलं की कुठल्या ओळीवर डोळे जास्त रोखायचे हेही ठरतं. रस्ता रुंद करायचा की नाही हे ठरवताना वाहनांची संख्या तशीच वापरत नाहीत, ती ‘पीसीयू’ या एककात बदलतात. एक मोटारगाडी म्हणजे एक एकक आणि बाकीची वाहनं रस्ता किती अडवतात त्या प्रमाणात. १९९० च्या ‘आयआरसी ६४’ मध्ये ग्रामीण रस्त्यांसाठी दुचाकी आणि सायकलीला ०.५, रिक्षा आणि मोटारीला १, टेम्पोसारख्या हलक्या मालवाहू वाहनाला १.५, बस-ट्रकला ३, ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४.५ आणि बैलगाडीला ८ असे भार दिले आहेत. आपल्या कागदावरच्या ३२३ वाहनांचे होतात ३३८.५ एकक. त्यात १९२ दुचाक्यांचा वाटा ९६. चौदा ट्रॅक्टरांचा ६३. नुसत्या तीन बैलगाड्यांचा २४, म्हणजे सहाही बसगाड्यांहून जास्त.

दुचाकीची एक जुडी चुकली तर अडीच एककांचा फरक पडतो, ट्रॅक्टर-ट्रॉलीची एक जुडी चुकली तर साडेबावीस. नऊपट. प्रत्यक्षात तपासणारा माणूस काय करतो? सर्वांत भरलेली, गिचमीड झालेली दुचाकीची ओळ तीनदा मोजतो आणि ट्रॅक्टरच्या ओळीतल्या तीन-चार तुकड्यांकडे एकदा बघून पुढे जातो. हातात वेळ थोडा असेल तर उलटं करावं. ट्रॅक्टर, ट्रक, बस आणि बैलगाडी या ओळी डोळ्यांनी तपासाव्यात. त्या लहान असतात, वेळही कमी लागतो. दुचाकीच्या ओळी नियमांवर सोडाव्यात आणि घंटा वाजेल तिथेच उघडून बघाव्यात.

एक तपासणी अशीही आहे, जी एकेका कागदावर करता येत नाही, सगळे हाती आले की करता येते. एका दिशेच्या १६८ तासांच्या दुचाकीच्या ओळी घ्यायच्या आणि प्रत्येकीत शेवटी सुट्या रेघा किती उरल्या एवढंच बघायचं: शून्य, एक, दोन, तीन की चार. रात्रीचे रिकामे तास वगळून जिथे वाहनं बरीच आहेत तिथे तास नेमका कुठल्या रेघेवर संपतो याला काही कारण नसतं. त्यामुळे पाचही प्रकार साधारण सारखेच यायला हवेत. एकूण १६८ पैकी १३० ओळी भरगच्च असतील तर शून्य उरलेल्या ओळी सव्वीसच्या आसपास. पाच-सात कमी-जास्त चालेल. पण शून्यवाल्या साठ निघाल्या तर दोनच शक्यता. एक, पेनाची तुटक उमटलेली सुटी रेघ संगणकाने धूळ समजून गाळली. बारीक ठिपके काढून टाकताना मर्यादा जरा मोठी ठेवली की असं होतं. जुडी मोठी असते म्हणून वाचते, एकटी रेघ जाते. दुसरी शक्यता, त्या तासांत वाहनं मोजलीच गेली नाहीत. डुलकी लागली किंवा चहाला गेले आणि नंतर अंदाजाने पूर्ण जुड्या काढून ओळ भरली. अंदाजाने भरणारा माणूस दोन सुट्या रेघा सोडायचं सहसा विसरतो.

दोन्हींतला फरक कळायला त्या साठ ओळींचे फोटो उघडावे लागतात. ओळीच्या शेवटी फिकट, तुटक रेघा दिसल्या तर मर्यादा कमी करून सगळे ३३६ कागद पुन्हा वाचून घ्यायचे. रेघा नसतीलच आणि त्या ओळी बहुतेक एकाच पाळीतल्या असतील, तर तेवढे तास गणनेतून बाजूला काढायचे आणि अहवालात तसं लिहायचं.